पाऊण तासाचे पावणेचार हजार

‘नाशिकमध्ये माझं एसी-फ्रीज दुरुस्तीचं दुकान आहे. मी आणि दोन मेकॅनिक. मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने गूगलवर एक स्टार देऊन लिहिलं: “लुटारू. फोनवर व्हिजिटचे ४०० सांगितले आणि बिल दिलं ३,७५० चं. पाऊण तासात काम उरकलं. एसीतला गॅस कधी संपतो का? न विचारता कपॅसिटर बदलला. इथे जाऊ नका.” ऐन एप्रिल आहे, आमचे कमाईचे दोन महिने, आणि रिव्ह्यू आल्यापासून फोन कमी झालेत. मी दर जास्त लावलेला नाही, शहरात सगळीकडे हाच भाव आहे. बायको म्हणते, खडसावून उत्तर द्या. मित्र म्हणतो, वकिलाची नोटीस पाठव. भाऊ म्हणतो, हजार रुपये देऊन रिव्ह्यू काढायला लाव आणि ओळखीच्या वीस जणांकडून पाच स्टार टाकून घे. मी काय करू?’
— एक दुकानदार

तुमचं पत्र वाचल्यावर मी बिलाचा फोटो मागवला आणि सोबत एकच प्रश्न पाठवला: त्या दिवशी व्हॅक्यूम पंप कुठे होता?

हा प्रश्न तुम्हाला विचित्र वाटला असेल. मी बावीस वर्षं एका मोटार-पंप दुरुस्तीच्या दुकानाचा हिशेब सांभाळला आणि भांडणाची बिलं बहुतेक वेळा माझ्या टेबलावर आली. तेव्हा एक सवय लागली. रागावलेल्या माणसाच्या बोलण्यातलं ‘लुटारू’ बाजूला ठेवायचं आणि तपासता येईल असं त्यात काय आहे ते शोधायचं. तुमच्या गिऱ्हाइकाने तशा चार गोष्टी लिहिल्या आहेत: फोनवर सांगितलेले चारशे, पाऊण तास, गॅस आणि कपॅसिटर. तुम्ही मात्र पत्रात उत्तर दिलंत ते पाचव्याच गोष्टीला. शहरातला भाव काय, हे त्यांनी विचारलेलंच नाही.

पाऊण तासापासून सुरुवात करू. कामाला किती वेळ लागला यावरून पैसे ठरत नाहीत, हे तुमचं म्हणणं खरं आहे. हुशार माणूस लवकर काम करतो, त्याचे पैसे कमी का घ्यायचे? पण तुमच्या बिलावर लिहिलंय ‘गॅस चार्जिंग – २,८००’ आणि तुमच्याच सांगण्याप्रमाणे त्या दरात लीकेज शोधणं, व्हॅक्यूम करणं आणि पूर्ण गॅस भरणं हे सगळं येतं. हे काम पाऊण तासात होत नाही. आधी जॉइंटवर साबणाचा फेस लावून किंवा नायट्रोजनचं प्रेशर देऊन गळती शोधायची, ती बंद करायची. मग पंप लावून पाइपातली हवा आणि ओल ओढून काढायची. त्यालाच अर्धा तास जातो. त्यानंतर सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून, आउटडोअर युनिटच्या पट्टीवर जितके ग्रॅम छापलेत तितका गॅस सोडायचा. शेवटी एसी चालवून प्रेशर आणि करंट बघायचा. सगळं नीट केलं तर दीड-दोन तास कुठेच गेले नाहीत.

तुम्ही मेकॅनिकला विचारलंत आणि त्याचं उत्तर मला जसंच्या तसं कळवलंत, याबद्दल मला तुमचा आदर वाटतो. पंप त्या दिवशी दुसऱ्या मेकॅनिकच्या गाडीत होता. याने इनडोअर युनिटमागचा नट सैल असल्याचं फेस लावून पाहिलं, नट घट्ट केला आणि कमी झालेला गॅस गेज बघून वरून भरला. म्हणजे टॉप-अप केला. टॉप-अपचा तुमचा दर १,५०० आहे. बिलबुकात ‘गॅस चार्जिंग’ अशी एकच ओळ असल्याने त्याने सवयीने २,८०० लिहिले. ही १,३०० रुपयांची चूक आहे, आणि ती गिऱ्हाइकाला एसीमधलं काहीही कळत नसताना निव्वळ घड्याळाकडे बघून जाणवली.

दुसरी गोष्ट चारशेची. गूगलवरच्या तुमच्या पानावर दुकानाच्या पाटीचा फोटो आहे. तो मोठा करून पाहिला तर खाली बारीक अक्षरात ‘काम केल्यास व्हिजिट चार्ज नाही’ असं दिसतं. बिलात मात्र ‘व्हिजिट – ४००’ आहे. तुम्ही म्हणालात, ती पाटी जुनी आहे, तीन वर्षांपूर्वी आम्ही पद्धत बदलली. असेल. पण गिऱ्हाईक तुमची आजची पद्धत वाचत नाही, पाटी वाचतं. पाटीवर जे आहे ते पाळायचं किंवा पाटी रंगवून घ्यायची. तोवर हे चारशेही परत द्यायचे.

आता जे तुमच्या बाजूचं आहे ते. कपॅसिटर ५५० रुपयांचा. त्यावर ४५ मायक्रोफॅरड छापलेलं होतं आणि मीटरवर ३१ येत होते. पाच-सहा टक्के इकडेतिकडे चालतं, इतकी घट चालत नाही. तो तसाच ठेवला असता तर कॉम्प्रेसर सुरू व्हायला धडपडत राहिला असता आणि मेमध्ये खर्च कितीतरी पटीने वाढला असता. पार्ट बदलणं योग्य होतं, किंमतही योग्य आहे. चुकलं ते विचारणं. आणि जुना पार्ट भंगाराच्या डब्यात गेल्यामुळे दाखवायलाही काही उरलं नाही. हे पैसे मी परत द्यायला सांगणार नाही, पण न विचारल्याबद्दल स्पष्ट शब्दांत माफी मागा.

‘गॅस कधी संपतो का’ याबद्दल गिऱ्हाईक अर्धं बरोबर आहे. एसी ही बंद नळीची व्यवस्था आहे, गाडीतल्या पेट्रोलसारखा गॅस त्यात खर्च होत नाही. कमी झाला तर कुठूनतरी गळलाच. तेव्हा ‘गॅस संपला होता’ असं जे तुमचे मेकॅनिक सर्रास बोलतात, ते आजपासून बंद करायला सांगा. ‘या नटाजवळून गळत होता, हे बघा बुडबुडे’ असं म्हटलं की माणूस वाकून बघतो आणि त्याला पटतं.

तर हिशेब असा झाला. घेतलेले ३,७५०. घ्यायला हवे होते टॉप-अपचे १,५०० आणि कपॅसिटरचे ५५०, म्हणजे २,०५०. जास्त घेतले १,७००. तुमच्या भावाने सुचवलेल्या हजारापेक्षा हा आकडा मोठा आहे आणि तो तोंड बंद करण्यासाठी नाही, तो त्या माणसाचाच पैसा आहे.

भावाच्या सल्ल्याबद्दल इथेच सांगते, कारण असा सल्ला मला दर महिन्याला कुणाच्या तरी पत्रात दिसतो. पैसे किंवा सूट देऊन वाईट रिव्ह्यू काढून घेणं किंवा बदलून घेणं गूगलच्या नियमांत बसत नाही. नातेवाईक आणि नोकरांकडून स्टार टाकून घेणंही बसत नाही. पण नियम राहू द्या. एकाच आठवड्यात वीस जणांनी ‘बेस्ट सर्व्हिस’ एवढंच लिहिलं, तर त्यांच्या मधोमध आकड्यांसकट लिहिलेला तो एक रिव्ह्यू आणखी खरा दिसेल. आणि तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हजार देतो, काढून टाका’ म्हणालात, की त्याचा स्क्रीनशॉट पुढच्या रिव्ह्यूत असेल.

नोटिशीचा विचार तर मनातून काढूनच टाका. ‘लुटारू’ हा शब्द तुम्हाला झोंबला, समजू शकते. पण बिलात खरोखरच १,७०० रुपये जास्त लागले असताना वकिलाचं पत्र पाठवलं, तर समोरचा माणूस १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करेल किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. नोटिशीला तुम्ही वकिलाला जितके पैसे द्याल, त्यात बहुधा हा परतावा भागून उरेल.

‘रिव्ह्यू खोटा आहे म्हणून गूगलला रिपोर्ट करू का’ असंही तुम्ही फोनवर विचारलंत. शिवीगाळ, जाहिरात, भलत्याच दुकानाबद्दलचा मजकूर असेल तर रिपोर्ट करण्यात अर्थ आहे. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात खरं कोणाचं, हा वाद गूगल सोडवत नाही.

आता करायचं काय. यातला क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून तो नीट सांगते. आधी पैसे, मग फोन, मग गूगलवरचं उत्तर. बहुतेक जण उलटं करतात: आधी उत्तरात ‘कृपया आमच्याशी संपर्क साधा’ लिहितात आणि वाट बघत बसतात. ज्याला आपण फसवले गेलो असं वाटतं, त्याला आपल्याच पैशासाठी पुन्हा फोन करायला लावणं म्हणजे त्याच्या रागात भर घालणं.

तुम्हाला पैसे यूपीआयने आले होते. त्याच खात्यावर १,७०० परत पाठवा आणि सोबत दुरुस्त केलेलं बिल व्हॉट्सअ‍ॅप करा: व्हिजिट शून्य, गॅस टॉप-अप १,५००, कपॅसिटर ५५०, एकूण २,०५०. संध्याकाळी, माणूस घरी आल्यावर, तुम्ही स्वतः फोन करा. मेकॅनिकला करायला लावू नका. फोनवर रिव्ह्यूचा विषय काढायचा नाही. ‘बिल तपासलं, आमची चूक होती, पैसे पाठवलेत, पोचले का’ एवढं पुरे. त्यानंतर जे द्यायचं आहे ते खरं महत्त्वाचं. गॅस वजन करून भरलेला नाही, त्यामुळे तो बरोबर आहे की नाही हे आज तुम्हालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. तेव्हा म्हणा, ‘मी स्वतः काटा आणि पंप घेऊन येतो. नटाची गळती पुन्हा तपासतो. गरज पडली तर आहे तो गॅस काढून, व्हॅक्यूम करून, पट्टीवरच्या वजनाइतका तुमच्यासमोर भरतो. याचे पैसे नाहीत.’ यात तुमचा अर्धा दिवस जाईल आणि थोडा गॅस. ‘पुढच्या सर्व्हिसला वीस टक्के सूट’ हा उपाय मात्र देऊ नका. ज्याचा आपल्यावरचा विश्वास उडाला आहे, त्याला पुन्हा आपल्याकडेच येण्याची सूट काय कामाची? शिवाय तशी सूट रिव्ह्यू मागे घेण्यासाठी दिल्यासारखी दिसते.

त्यांनी फोन उचलला नाही, किंवा ‘आता तुमचा माणूस घरात नको’ म्हणाले, तर तेही ठीक. पैसे त्यांचेच होते, ते गेले. दुसऱ्या दिवशी गूगलवर उत्तर लिहा.

तुम्ही पाठवलेला मसुदा मी वाचला. त्यात ‘आम्ही अकरा वर्षं सचोटीने व्यवसाय करत आहोत’, ‘आपला गैरसमज झाला आहे’ आणि ‘आपण स्वतः बिल मान्य करून पैसे दिलेत’ अशी तीन वाक्यं आहेत. तिन्ही काढा. अकरा वर्षांचा त्या दिवशीच्या बिलाशी संबंध नाही. गैरसमज झालेला नाही. आणि घरात उघडा एसी, हातात बिल आणि दारात मेकॅनिक असताना दिलेले पैसे म्हणजे संमती नव्हे. त्यांच्या सोसायटीचं नाव आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं संभाषणही तुम्ही जोडणार होतात. गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, नंबर, चॅट यातलं काहीही बाहेर टाकायचं नाही, मग तो तुमच्याबद्दल काहीही लिहो. पुढचं गिऱ्हाईक ते वाचून स्वतःच्या घराचा विचार करतं.

मी असं लिहीन:

‘नमस्कार. तुम्ही लिहिल्यावर बिल पुन्हा तपासलं. त्यात आमच्या दोन चुका आहेत. गॅस वरून भरला होता, पण दर पूर्ण गॅस भरण्याचा लावला गेला. त्यात १,३०० रुपये जास्त घेतले. काम केल्यावर व्हिजिटचे पैसे घेत नाही असं आमच्या पाटीवर आहे, तरी ४०० घेतले. हे १,७०० रुपये काल तुमच्या खात्यावर परत केले आहेत आणि दुरुस्त बिल पाठवलं आहे. कपॅसिटर कमजोर झाला होता म्हणून बदलला, पण आधी तुम्हाला विचारायला हवं होतं आणि जुना पार्ट तुमच्या हातात द्यायला हवा होता. ते केलं नाही, याबद्दल माफ करा. एसीतला गॅस संपत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. एका नटाजवळून तो गळत होता. ती जागा आणि गॅसचं वजन मी स्वतः येऊन, कोणताही खर्च न घेता तपासून देईन. ३१ मेपर्यंत तुमच्या सोयीचा दिवस कळवा. – दुकानमालक’

हे उत्तर लांब वाटेल, पण यातलं एकही वाक्य दुसऱ्या दुकानाला चालणार नाही, आणि म्हणूनच ते लोक वाचतील. ‘आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद’ने सुरू होणारी उत्तरं कुणी दुसऱ्या ओळीपर्यंत वाचत नाही. यात मेकॅनिकचं नाव नाही, ते येताही कामा नये. त्याच्या पगारातूनही १,७०० कापू नका. पंप दोन गाड्यांत मिळून एकच असणं आणि बिलबुकात एकच ओळ असणं, या दोन्ही गोष्टी मालकाच्या हातातल्या आहेत.

एकदा उत्तर टाकलं की थांबा. त्यांनी खाली रिव्ह्यू बदलून आणखी काही लिहिलं, तर त्यात नवी माहिती असेल तरच तुमचं उत्तर दुरुस्त करा. ते एक स्टार तसाच ठेवतील अशीही शक्यता आहे, त्यांना तो अधिकार आहे. ‘आता तरी बदला ना’ असा मेसेज पाठवायचा नाही.

हे वाचणाऱ्या इतर दुकानदारांपैकी काहींचं बिल तपासल्यावर खरोखरच बरोबर निघेल. तेव्हा पैसे परत देऊ नका. पण उत्तर इतकंच तपशिलाचं द्या: काय काम केलं, दरपत्रकात त्याचा दर काय, गिऱ्हाइकाला आधी कधी आणि किती सांगितलं. उपाय म्हणून काढलेला पार्ट दाखवा किंवा त्यांच्यासमोर पुन्हा मोजून दाखवण्याची तारीख द्या. आणि आरोप छापील किमतीपेक्षा जास्त घेतल्याचा असेल, म्हणजे दुकानातून विकलेल्या पाण्याच्या बाटलीवर ‘थंड करण्याचे’ दोन रुपये वगैरे, तर समजावत बसू नका. पाकीटबंद माल दुकानदाराने एमआरपीच्या वर विकायचा नाही, हा वैधमापन कायद्याखालचा नियम आहे; फ्रीजचं वीजबिल त्यात बसत नाही. पैसे परत करा आणि त्या दिवसापासून घेणं बंद करा.

तुमच्यापुरतं आणखी एक काम आहे, आणि ते सीझन संपायची वाट न बघता करा. नव्या बिलबुकात दोन वेगळ्या ओळी छापा: ‘गॅस टॉप-अप’ आणि ‘पूर्ण गॅस, व्हॅक्यूमसह’. दुसऱ्या ओळीपुढे ‘भरलेला गॅस ___ ग्रॅम’ अशी रिकामी जागा ठेवा. ती जागा भरायची तर मेकॅनिकला काटा लावावाच लागतो. एसी उघडून दोष सापडला, की हत्यार खाली ठेवून आधी गिऱ्हाइकाला मेसेज करायचा: काय बिघडलंय, किती लागतील, करू का. ‘हो’ आल्याशिवाय स्क्रू फिरवायचा नाही. घरी आई-वडील असतील आणि पैसे देणारा मुलगा पुण्यात असेल, तर मुलालाच विचारायचं. निम्मी भांडणं तिथून सुरू होतात. जुना पार्ट त्याच्याच खोक्यात घालून घरात ठेवून यायचा. पाटी रंगवून घ्या आणि गूगलवरचा जुना फोटो काढून नवा लावा.

त्यांच्याकडे जायचं ठरलं तर सकाळी लवकर जा. दुपारच्या उन्हात तापलेल्या आउटडोअरवर प्रेशर वर दिसतं आणि गॅस पुरेसा आहे असा भास होतो. युनिटवरची पट्टी उन्हाने पुसट झाली असेल, तर मॉडेल नंबरवरून कंपनीच्या माहितीपत्रकात गॅसचं वजन आदल्या दिवशीच बघून ठेवा.